ढवळणारा हात

कॉलनीच्या महिला मंडळाची बैठक शाळेच्या वर्गातच व्हायची, कारण वर्गाची किल्ली माझ्याकडे असायची. त्या जानेवारीत संक्रांतीनंतरच्या पार्टीचं ठरवायला आम्ही आठदहा बायका मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. पुलाव कोणी करायचा, बटाटेवडे कोणी तळायचे, सगळं झालं आणि मग चिटणीस वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

"ट्रायफल यंदा बाईंनी करावं असं मला वाटतं."

'बाई' म्हणजे मी. मी प्राथमिक शाळेत शिकवायचे, म्हणून माझ्याहून दुप्पट वयाच्या बायकासुद्धा मला बाईच म्हणायच्या.

"पण ट्रायफल तर काकू करतात," मी म्हटलं.

"करतात, पण आता झेपत नाही त्यांना. गेल्या वर्षी काय झालं, पाहिलंस ना? माझ्या धाकट्यानं कस्टर्डातल्या गुठळ्या एकेक करून बशीच्या कडेला लावल्या. 'आई, यात साबुदाणे आहेत,' म्हणे."

सगळ्या हसल्या. मीही हसले. हसल्यावर 'नाही' म्हणायची सोय राहिली नाही.

काकू त्या दिवशी बैठकीला आल्या नव्हत्या. आल्या असत्या तर हे बोलणंच झालं नसतं.

त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. काका कारखान्यात फोरमन होते, निवृत्तीला आलेले. इथं यायच्या आधी बरीच वर्षं दोघं खडकीला होती आणि तिथं शेजारी राहणाऱ्या एका गोवेकर नर्सबाईंकडून काकू ट्रायफल शिकल्या होत्या. आमच्या इमारतीत फ्रीज फक्त त्यांच्याकडे होता. तरी त्यांचा मान फ्रीजमुळे नव्हता, ट्रायफलमुळे होता. पार्टीत काचेची ती मोठी भांडी दोघी बायकांनी धरून आणली की पोरं खुर्च्यांवर उभी राहायची. तळाला रसात भिजलेला स्पंज, वर लाल जेलीत अडकलेली फळं, त्यावर पिवळंधमक कस्टर्ड आणि सगळ्यांत वर द्राक्षांची ओळ. आमच्यासारख्या घरांतून आलेल्यांना ते खायच्या आधी बघतच बसावंसं वाटायचं.

मी लग्न होऊन चिंचवडला आले तेव्हा माझ्याजवळ बी. ए.ची पदवी होती आणि दुसरं फारसं काही नव्हतं. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. वडिलांनी तालुक्याच्या गावी किराणा दुकानात मापाड्याचं काम करून मला शिकवलं. पुस्तकातलं मला येत होतं, पण चारचौघांत कसं वागायचं ते येत नव्हतं. काचेच्या बशीतून चमच्यानं गोड खायचं असतं हेही मी काकूंच्याच घरी शिकले. शाळेत जागा निघाली आहे हे त्यांनीच मला सांगितलं आणि मुलाखतीला जाताना नेसायला स्वतःची इस्त्रीची साडी दिली. नवऱ्याची रात्रपाळी असली की मला खोलीत एकटीला भीती वाटायची. तेव्हा काकू मला वर बोलवायच्या आणि मी वाचत बसले की समोर बसून लसूण सोलायच्या. एक शब्द बोलायच्या नाहीत.

कस्टर्डही मला त्यांनीच शिकवलं. "पावडर आधी चाळायची. मग थंड दुधात कालवायची. कोमट नाही, थंड. गरम दूध लागलं की पावडर जागच्या जागी शिजते आणि गुठळी होते. बाहेरून शिजलेली, आत कोरडी पीठ. ती मग कितीही घोट, फुटत नाही." कालवलेलं मिश्रण जरा वेळ ठेवलं की पावडर खाली बसते, म्हणून ओतायच्या आधी पुन्हा ढवळायचं. साखर घातलेल्या दुधाला उकळी आली की आच बारीक करायची. एका हातानं धार सोडायची आणि दुसऱ्या हातानं तळापासून ढवळायचं. "धार थांबली तरी चालेल, हात थांबता कामा नये," असं त्या म्हणायच्या.

आता तेच कस्टर्ड त्यांच्या ऐवजी मी करणार होते.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे तू गुरूची गादी घेतलीस म्हण की."

"मी कुठं घेतली? मंडळानं दिली."

"मग तोंड का असं करून बसलीस?"

मी भांडी जरा जोरातच घासली.

दोन दिवस मी काकूंना टाळलं. त्यांची चप्पल जिन्यावर वाजली की मी आत काहीतरी काम काढायचे. तिसऱ्या दिवशी वर गेले, कारण जेली लावायला फ्रीज तर त्यांचाच लागणार होता. या गोष्टीची मला सगळ्यात जास्त लाज वाटत होती.

काकू मटार सोलत होत्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "कळलंय मला. चिटणीस काल येऊन सांगून गेली. 'काकू, तुम्ही आता आराम करा.' जशी काही मी अंथरुणाला खिळलेय."

"काकू, मी नाही म्हणणार होते."

"मग म्हटलं का नाहीस?"

त्यांनी मटाराची एक शेंग दाबली. ती फुटली नाही. त्यांनी ती दुसऱ्या हातात घेऊन फोडली.

"फ्रीज माझाच घेणार ना? मग स्वयंपाकघरही इथलंच घे. वरखाली भांडी नाचवत जेली सांडशील जिन्यात."

मी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहत होते. अंगठ्याच्या मुळाशी सूज होती आणि मनगट त्या अंगाशी धरून बसल्या होत्या.

"काकू, हात दुखतो?"

"थंडीचं आखडतं." मग आतल्या खोलीकडे पाहून हळू आवाजात म्हणाल्या, "काकांपाशी बोलू नकोस. त्यांना कळलं तर पोळ्यासुद्धा करू देणार नाहीत. बाई लावतील स्वयंपाकाला. मग मी दिवसभर करू काय? त्यांचं तोंड बघू?"

तेव्हा गेल्या वर्षीच्या गुठळ्या कुठून आल्या ते मला कळलं. कस्टर्ड कसं करायचं हे काकू विसरल्या नव्हत्या. तीन लिटर दुधाच्या पातेल्यात तळापासून ढवळत राहायला हातात जोर लागतो, आणि तो त्यांच्या हातात राहिला नव्हता. वर्षभर त्यांनी ते नवऱ्यापासून लपवलं होतं. आता कॉलनीला वाटत होतं त्यांची अक्कल गेली, आणि त्यांच्या अकलेवर उभं राहून मी शाबासकी घेणार होते.

पार्टीच्या आदल्या दिवशी स्पंज मी पिंपरी कॅम्पातल्या बेकरीतून आणला. ज्यांना अंडं चालत नव्हतं त्यांच्यासाठी एका भांड्यात स्पंजऐवजी बिस्किटं घालायची पद्धत काकूंनीच पाडली होती. जेली जनावरांच्या हाडाकातड्यापासून बनते हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून ती सगळे आनंदानं खायचे. काकूंनी फ्रीजची एक फळी काढून जागा केली होती. त्यातलं दही, आंबवलेलं पीठ, काकांचं पाण्याचं पातेलं, सगळं ओट्यावर आणून ठेवलं होतं. "एक दिवस दही आंबलं तर कढी करीन," असं म्हणाल्या. आम्ही स्पंज संत्र्याच्या रसात भिजवून तळाला लावला, त्यावर सफरचंदाच्या आणि चिकूच्या फोडी पसरल्या आणि कोमट झालेली जेली वर हळूहळू ओतली. मी अननस आणला होता, तो त्यांनी बाजूला ठेवला. "ताजा अननस घातला की जेली बसतच नाही. हा आपण असाच खाऊ. केळी उद्या, अगदी शेवटी. आत्ता चिरलीस तर काळी पडतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी काळेवाडीचा गवळी सायकलवरून कॅन घेऊन आला. काकूंनी दुधात बोट बुडवून पाहिलं.

"पाणी किती घातलंस रे?"

"काय वैनी! म्हशीचं हाय. पानी न्हाई घातलं, व्हय तर. आज पार्टी हाय म्हनून माज्या बायकूनं सकाळचं वायलं काढलंय."

"म्हणजे रोज घालतोस."

तो हसत निघून गेला.

शाळा सुटल्यावर दुपारी आम्ही कस्टर्डाला बसलो. काकांची पहिली पाळी होती, ते यायला अवकाश होता. मी पावडर चाळून थंड दुधात कालवली. भांडं वाकडं करून काकूंना दाखवलं, तळाला काही राहिलं नव्हतं. स्टोव्हवर पातेल्यातल्या दुधाला साय धरू नये म्हणून मी ढवळत होते. उकळी येऊ लागली तशी मी आच कमी केली आणि लाकडी डाव त्यांच्यासमोर धरला.

"काकू, ढवळा तुम्ही. मी धार धरते."

"तू ढवळ. तुझा हात तरुण आहे."

"नाही. तुम्हीच. तुमचंच ट्रायफल आहे ते."

मला वाटलं, एवढं केलं की माझं मन हलकं होईल. कस्टर्ड त्यांनी केलं असं मला म्हणता येईल आणि ते खोटंही असणार नाही. काकूंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि डाव घेतला.

सुरुवातीला छान चाललं होतं. मी बारीक धार सोडत होते, त्या गोल ढवळत होत्या आणि पांढरं दूध हळूहळू पिवळं होत होतं. अर्धं मिश्रण गेलं तसं पातेल्यातलं दाटू लागलं. डाव जड झाला. काकूंचं ढवळणं मंदावलं, वरवरचं झालं, आणि मग मनगट अडकल्यासारखं होऊन हात थांबला.

मी ओतणं तेव्हाच थांबवायला हवं होतं. मिश्रण बाजूला ठेवून डाव हातात घेतला असता तर काहीही बिघडलं नसतं. पण मी थांबले असते तर त्यांचा हात थांबला हे मी पाहिलं, असं झालं असतं. मला ते पाहायचं नव्हतं. म्हणून मी नजर भांड्यावर ठेवून ओतत राहिले, जसं काही सगळं ठीक आहे. तळाला जे पडत होतं ते तिथंच शिजत होतं.

"अगं थांब! थांब ना!" काकू ओरडल्या.

मी भांडं ठेवलं आणि त्यांच्या हातातला डाव ओढून घेतला. तळाला घासून पाहिलं तर चिकट गोळे वर आले.

"उतरव," काकू म्हणाल्या. "तळ करपेल. रव्याची चाळणी घे, दुसरं पातेलं घे. गरम आहे तोवरच निघतील. गार झालं की चाळणीतून जाणारच नाही."

मी चाळणी धरली. डावाच्या पाठीनं कस्टर्ड दाबत दाबत खाली उतरवलं. मऊ गुठळ्या दाबल्यावर विरल्या, ज्या आत कोरड्या होत्या त्या जाळीवर राहिल्या. मग ते चाळलेलं पुन्हा बारीक आचेवर ठेवलं, उरलेलं मिश्रण तळापासून हलवून घेतलं आणि या वेळी काकूंनी डाव्या हातानं धार धरली. मी ढवळलं. कच्च्या पिठाचा वास जाईपर्यंत ढवळलं, डावाच्या पाठीला थर धरेपर्यंत. मग पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवलं आणि वर साय येऊ नये म्हणून मी हलवत बसले. गरम कस्टर्ड जेलीवर घातलं तर जेली वितळते, त्यामुळे पूर्ण निवेपर्यंत दुसरं काही करता येत नव्हतं.

काकू चाळणीतल्या गुठळ्या बशीत काढत होत्या.

"मला थांबताना पाहिलंस ना तू?"

"हो."

"मग ओतत का राहिलीस?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आता बरं वाटतंय मला," त्या म्हणाल्या आणि बशी मोरीत नेऊन ठेवली.

संध्याकाळी कॉलनीच्या हॉलमध्ये ट्रायफल आणलं तेव्हा पोरं नेहमीसारखी खुर्च्यांवर चढली. कस्टर्ड आरशासारखं गुळगुळीत होतं. मी केळ्याच्या चकत्या आणि द्राक्षं वर मांडली होती. बायका बश्या भरून देत होत्या, पुरुष भिंतीशी उभे राहून खात होते. काका त्यांच्या खात्यातल्या लोकांबरोबर होते, काकू दाराजवळच्या खुर्चीत.

चिटणीस वहिनींनी चमच्यानं ग्लास वाजवला. "ऐका हो सगळे! यंदाचं ट्रायफल आपल्या शाळेच्या बाईंनी केलंय. टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. माझे कान तापले. दुपारपासून मी स्वतःशी जे घोकत होते तेच तोंडातून बाहेर आलं.

"नाही, नाही. काकूंनीच केलंय. मी फक्त हाताखाली होते."

मला वाटलं, आता लोक काकूंकडे वळतील आणि सगळं पूर्वीसारखं होईल. लोक वळलेही. पण कोपऱ्यातून कोणी तरी वहिनी मोठ्यानं म्हणाल्या, "काकूंनी केलंय? मग यंदा गुठळ्या कुठं गेल्या हो?"

हॉलभर हशा पिकला. बोलणाऱ्या बाईंच्या मनात वाईट नव्हतं, पोरंसुद्धा हसत होती. मी मात्र त्या क्षणी जमिनीत गेले असते तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी कोणी काढलंही नसतं ते मीच उकरून काढलं होतं.

काकू खुर्चीतून उठल्या नाहीत. बशी मांडीवर ठेवून म्हणाल्या, "चाळणीत गेल्या."

पुन्हा हशा झाला. मग त्यांचा सूर ऐकून तो थांबला.

"खरंच सांगते. दुपारी गुठळ्या झाल्या. मी ढवळत होते, माझा हात थांबला. हा हात वर्षभरापासून थांबतो. गेल्या वर्षीही त्यानंच झालं. मला वाटलं कोणाला कळणार नाही, पण कस्टर्डाला कळतं. मग हिनं चाळलं, पुन्हा शिजवलं, हिनंच ढवळलं. चांगलं झालंय ते हिच्या हाताचं आहे. आता खा."

चिटणीस वहिनींनी उगाच वाढायचा चमचा पुसला.

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी बशी खिडकीत ठेवली होती. अर्धं ट्रायफल तसंच होतं. ते काकूंच्या चेहऱ्याकडे पाहतच नव्हते. मांडीवरच्या त्यांच्या उजव्या हाताकडे पाहत होते, जसं मशीनचा एखादा भाग इतके दिवस आवाज करत होता आणि आपल्याला ऐकू कसा आला नाही, असं वाटावं.

पार्टी संपल्यावर जिन्यात मी काकूंना गाठलं. काका पुढं गेले होते.

"काकू, माझं चुकलं. मला तुमचं नाव राहावं असं वाटत होतं."

"माझं नाव मला विचारून घेत जा," त्या म्हणाल्या. रागानं नाही, थकून. "दुपारी थांब म्हणायला हवं होतंस तेव्हा गप्प राहिलीस. आणि संध्याकाळी गप्प राहायचं तेव्हा बोललीस. तुझी माया कळते गं मला. पण तिच्यापायी मला चारचौघांत सगळं उघडं करावं लागलं."

पुढचे काही दिवस त्यांनी मला वर बोलावलं नाही आणि माझीही पायरी चढायची हिंमत झाली नाही. ज्या बाईनं मला चारचौघांत वावरायला शिकवलं, तिलाच मी चारचौघांत उभं केलं होतं. वर्गात मुलांना पाढे म्हणायला लावून मी खिडकीबाहेर बघत बसायचे.

मग एका रविवारी सकाळी वरून काकांचा आवाज आला. "किती पाणी?" आणि काकूंचा, "अहो, तेवढं नाही! कणीक आहे ती, सिमेंट नाही!" मी जिना चढून दारातून डोकावले. काका बनियनवर परातीपुढं मांडी घालून बसले होते. कोपरापर्यंत पीठ होतं. काकू खुर्चीत बसून सूचना देत होत्या. त्यांच्या मनगटाला दवाखान्याचा पांढरा पट्टा होता. स्वयंपाकाला बाई लावायची गोष्ट निघाली होती, पण काकूंनी हट्ट धरला होता की घरात दुसरी बाई नको. मग काकांनी, "तर मग मी मळतो," म्हटलं होतं, असं मला नंतर कळलं. कॉलनीत त्याची खूप चेष्टा झाली. फोरमन साहेब घरी ओव्हरटाइम करतात, असं लोक म्हणायचे. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

हे चांगलं झालं असं नवरा मला म्हणाला. मलाही ते दिसत होतं. पण जे काकूंना स्वतःच्या वेळेला, स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसाला सांगायचं होतं, ते माझ्यामुळे त्यांना साठ लोकांसमोर सांगावं लागलं. पुढं ते चांगलं निघालं म्हणून माझं ओझं काही कमी झालं नाही, आजही ते होत नाही.

त्या रविवारी दारात मी उभी आहे हे काकूंनी पाहिलं. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"आत ये," त्या म्हणाल्या. "आणि ह्यांच्या हातातली कणीक काढून घे आधी. पातळ केलीये. आणखी थोडं पीठ लावून दे, आणि मी थांब म्हटलं की थांब."